ताबापत्र हाती, किल्ली कोणाच्या हाती?

आपल्या व्यापारी घरांमध्ये मालाची पोहोच ही साधी गोष्ट मानली जात नाही. ट्रक दुकानासमोर उभा राहिला म्हणून कोणी पोहोच पावतीवर सही करीत नाही. गाठी उतरतात, मोजल्या जातात, एखादी भिजलेली असेल तर तसा शेरा मारला जातो आणि मगच सही होते. ‘माल मिळाला’ या दोन शब्दांनंतर जोखीम आपली होते, हे दुकानावर बसणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मात्र तेच घर ऐंशी-नव्वद लाखांची सदनिका घेते, तेव्हा विकासकाच्या कार्यालयातून आलेल्या ‘ताबापत्रा’वर पेढ्यांचा बॉक्स उघडत सही करते. त्या कागदाखाली काय लिहिले आहे, आणि तो कागद म्हणजे खरोखर ताबा आहे काय, हा प्रश्न त्या आनंदाच्या क्षणी कोणाला सुचत नाही.

या लेखात त्याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ताबापत्र, प्रत्यक्ष ताबा आणि ज्याला करारनाम्यांत ‘डीम्ड पझेशन’ म्हणजे ‘मानीव ताबा’ म्हटले जाते, त्या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की नुकसान थोडे होत नाही. ते किती होते, हे पुढे आकड्यांनीच पाहू.

एका नावाचे दोन कागद

बाजारात ‘ताबापत्र’ हा शब्द दोन अगदी भिन्न कागदांसाठी वापरला जातो. पहिला कागद विकासक खरेदीदारास पाठवितो. त्यात ‘आपली सदनिका तयार आहे, उर्वरित रक्कम भरून अमुक दिवसांत ताबा घ्यावा’ असे असते. हा ताबा देऊ करण्याचा प्रस्ताव आहे, ताबा नव्हे. दुसरा कागद खरेदीदार विकासकास लिहून देतो. ‘सदनिकेची पाहणी केली, किल्ल्या मिळाल्या, ताबा घेतला’ असा त्याचा मजकूर असतो. ही ताबा पावती आहे. पहिला कागद आला म्हणजे दुसरा आपोआप झाला, असे नाही. या दोहोंच्या मध्ये एक घटना घडावी लागते. खरेदीदाराने दारातून आत जाऊन ती जागा आपल्या एकट्याच्या अखत्यारीत घेणे, ही ती घटना.

प्रत्यक्ष ताब्याची खूण सांगावयाची तर ती किल्लीत आहे. सदनिकेचे कुलूप आपण बदलू शकतो काय? आपल्या परवानगीवाचून दुसरा कोणी आत जाऊ शकतो काय? वीजमीटर आपल्या नावावर झाला आहे काय? किल्ल्यांचा जुडगा अजून साइट कार्यालयातील फळीवर टांगलेला असेल, सुतारास आत पाठविण्यासाठी दर वेळी सुरक्षारक्षकाच्या वहीत विकासकाच्या माणसाची सही लागत असेल, तर कागद काहीही म्हणो, ताबा अद्याप विकासकाकडेच आहे.

भोगवटा प्रमाणपत्राचा उंबरठा

ताबा कायदेशीर ठरण्यासाठी आणखी एक अट आहे, आणि ती खरेदीदार व विकासक या दोघांच्या मर्जीबाहेरची आहे. महानगरपालिका वा अन्य नियोजन प्राधिकरण इमारतीची तपासणी करून ती राहण्यायोग्य असल्याचे जे प्रमाणपत्र देते, ते भोगवटा प्रमाणपत्र. बोलीभाषेत त्याला ‘ओसी’ म्हणतात. महाराष्ट्रात १९६३ पासून लागू असलेल्या मालकी सदनिका कायद्याने, म्हणजे ‘मोफा’ने, याबाबत स्पष्ट बंदी घातली आहे. कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र मिळेपर्यंत विकासकाने कोणास ताब्यात जाऊ देऊ नये, असे त्याचे कलम ३ सांगते. तेच कलम पुढे म्हणते की, तोवर कोणी ताबा घेऊही नये. बंदी दोन्ही बाजूंना आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

२०१६ च्या रेरा कायद्यानेही हाच उंबरठा कायम ठेवला. प्रमाणपत्र मिळविणे व ते खरेदीदारांना उपलब्ध करून देणे ही विकासकाची जबाबदारी ठरली. खरेदीदारावर जे कर्तव्य टाकले, तेही याच प्रमाणपत्राशी जोडले. कलम १९ च्या दहाव्या पोटकलमानुसार खरेदीदाराने भोगवटा प्रमाणपत्र दिले गेल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रत्यक्ष ताबा घ्यावयाचा आहे. कायद्याने घड्याळ सुरू केले आहे ते प्रमाणपत्राच्या तारखेपासून. विकासकाच्या पत्राच्या तारखेपासून नव्हे.

व्यवहारात मात्र एक तिसरा प्रकार रूढ झाला आहे. त्याला ‘फिट-आउट ताबा’ म्हणतात. प्रमाणपत्र अद्याप आलेले नसते. विकासक म्हणतो, ‘ओसी महिन्याभरात येईलच, तोवर फर्निचर करून घ्या, तुमचा वेळ वाचेल.’ खरेदीदारालाही ते सोयीचे वाटते, कारण घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू असतात. तो सही करतो. त्या कागदाच्या सहाव्या-सातव्या परिच्छेदात बहुधा असे वाक्य असते की, या तारखेपासून सदनिकेचा ताबा दिला गेला असे समजण्यात येईल, देखभाल खर्च सुरू होईल आणि विलंबाबाबत खरेदीदाराची कोणतीही मागणी राहणार नाही. सुतारकामाची परवानगी म्हणून घेतलेला कागद अशा रीतीने ताबा पावती होऊन बसतो.

‘मानीव’ या शब्दाचे वजन

आता ‘मानीव ताबा’ म्हणजे काय, ते पाहू. ‘मानीव’ हा शब्द महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ या शब्दप्रयोगामुळे चांगला परिचित आहे. विकासक संस्थेच्या नावे जमीन व इमारत करून देत नसेल, तर सक्षम अधिकारी, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, दोन्ही बाजू ऐकून तसा आदेश देतो. जे विकासकाने केले नाही, ते झाले असे कायदा मानतो. ही कल्पना कायद्याने निर्माण केली आहे. तिच्यामागे सुनावणी आहे, अधिकारी आहे, आदेश आहे.

‘मानीव ताबा’ तसा नाही. रेरा कायद्यात या शब्दांची व्याख्या नाही. पत्र पाठवून अमुक दिवस लोटले की ताबा दिला गेला असे समजावे, असेही त्या कायद्यात कोठे म्हटलेले नाही. ही कल्पना करारनाम्यातून येते, आणि करारनाम्याचा मसुदा बहुधा विकासकाच्या वकिलाने केलेला असतो. एका बाजूने लिहिलेली आणि दुसऱ्या बाजूने न वाचता सही केलेली ती अट असते. तिला अजिबात अर्थ नाही असे मात्र नव्हे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात दोन पक्षांनी ज्या कृतीला पोहोच मानण्याचे ठरविले असेल, त्या कृतीने पोहोच होऊ शकते. गोदामाची किल्ली हाती दिली की आतील पोती पोहोचली, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. पण तेथेही एक गोष्ट गृहीत असते. गोदामात पोती असावी लागतात. रिकाम्या गोदामाची किल्ली देऊन पोहोच होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीचा ‘मानीव ताबा’ हा त्या रिकाम्या गोदामाच्या किल्लीसारखा आहे. जे विकासक कायद्याने देऊच शकत नाही, ते खरेदीदारास मिळाले असे मानता येत नाही.

मानीव गोष्टीविषयी कायद्याचा आणखी एक जुना नियम आहे. ती ज्या हेतूसाठी मानली, तेवढ्यापुरतीच मानावयाची. महाराष्ट्राच्या रेरा नियमांसोबत करारनाम्याचा जो नमुना दिला आहे, तो या दृष्टीने मननीय आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर विकासकाने ७ दिवसांत लेखी ताबा देऊ करावा, आणि सदनिका वापरास तयार असल्याच्या लेखी सूचनेनंतर १५ दिवसांनी खरेदीदाराने सामायिक खर्चातील आपला वाटा द्यावा, असे त्यात आहे. खरेदीदाराने वेळेत ताबा घेतला नाही तर काय? नमुना एवढेच सांगतो की, त्याच्यावर देखभाल खर्चाची जबाबदारी राहील. त्याचे विलंबाचे व्याज बुडाले, बांधकामातील दोषांची तक्रार संपली, असे नमुना म्हणत नाही. म्हणून मानीव ताब्याचा रास्त अर्थ इतकाच आहे: विकासकाने आपले सर्व कर्तव्य पूर्ण करून घर देऊ केले असताना खरेदीदार विनाकारण येत नसेल, तर रिकाम्या घराच्या देखभालीचा भार विकासकावर राहू नये.

न्यायालयांनी काढलेली रेषा

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय ही रेषा स्पष्ट करतात. ११ जानेवारी २०२१ रोजी ‘आयरिओ ग्रेस रिअलटेक विरुद्ध अभिषेक खन्ना’ या प्रकरणाचा निकाल लागला. गुरुग्राममधील एकाच प्रकल्पातील खरेदीदारांचे न्यायालयाने दोन गट केले. ज्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळाले होते आणि तसा ताबा देऊ केला होता, तेथील खरेदीदारांनी ताबा घ्यावा, त्यांना विलंबाची भरपाई मिळेल, असे ठरले. ज्या इमारतींना प्रमाणपत्रच नव्हते, तेथील खरेदीदारांना अनिश्चित काळ थांबविता येणार नाही, त्यांचे पैसे व्याजासह परत करावेत, असे ठरले. करारनामा सारखा, विकासक तोच, प्रकल्प तोच. फरक केला तो त्या एका प्रमाणपत्राने.

दुसरा निर्णय ६ सप्टेंबर २०२४ चा, आग्रा विकास प्राधिकरणाविरुद्धचा. पूर्णत्वाचा दाखला आणि अग्निशमन विभागाची मंजुरी नसताना दिलेला ताब्याचा प्रस्ताव हा वैध प्रस्तावच नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. समोरचा पक्ष सरकारी प्राधिकरण होता, तरीही कसोटी तीच लावली गेली.

तिसरा निर्णय मुंबईचा आहे, आणि ज्यांनी प्रमाणपत्राविना ताबा घेऊन संसार थाटला आहे, त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सदस्यांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. परिणामी त्यांना मालमत्ता कर २५ टक्के जादा दराने आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा दराने भरावी लागली. ग्राहक आयोगाने मुदत टळल्याच्या कारणावरून संस्थेची भरपाईची तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी सांगितले की, प्रमाणपत्र न मिळविणे ही विकासकाची रोज नव्याने घडत राहणारी चूक आहे, म्हणून मुदतीचा अडथळा येत नाही. प्रकरण गुणवत्तेवर निर्णयासाठी आयोगाकडे परत गेले. ताबा दिला म्हणजे विकासकाचे कर्तव्य संपले असे नाही, हा त्यातील बोध. त्याचबरोबर प्रमाणपत्राविना घेतलेल्या ताब्याची किंमत वर्षानुवर्षे कोण भरतो, हेही त्यातून दिसते.

एक उदाहरण, आकड्यांसह

आता एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातील एका कापड व्यापाऱ्याने ७५० चौरस फूट चटई क्षेत्राची सदनिका घेतली. करारनाम्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती. तोवर त्याने ८० लाख रुपये भरले होते. बांधकाम रेंगाळले. १ एप्रिल २०२४ रोजी विकासकाचे पत्र आले: ‘फिट-आउटसाठी ताबा तयार आहे. १५ दिवसांत घ्यावा, अन्यथा १६ एप्रिलपासून मानीव ताबा समजला जाईल, आणि त्या दिवसापासून प्रति चौरस फूट ४ रुपये देखभाल खर्च व १० रुपये होल्डिंग शुल्क दरमहा लागू होईल.’ पत्रात भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हता. ते प्रमाणपत्र आले १० ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि त्यानंतरचे दुसरे पत्र आले १६ ऑक्टोबरला.

रेरा कायद्याचे कलम १८ सांगते की, विलंब झाला आणि खरेदीदारास व्यवहारात राहावयाचे असेल, तर ताबा दिला जाईपर्यंत दरमहा व्याज मिळावे. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा २ टक्के अधिक असा आहे. हिशेबाच्या सोयीसाठी तो वर्षाला ११ टक्के धरू. ८० लाखांवर वर्षाचे व्याज ८ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ हजार ३३३ रुपये.

व्यापाऱ्याने पहिले पत्र मान्य केले, तर विलंब १ जानेवारी २०२३ पासून १६ एप्रिल २०२४ पर्यंत, म्हणजे साडेपंधरा महिने. व्याज सुमारे ११ लाख ३७ हजार. ते पत्र अवैध ठरून १६ ऑक्टोबरचे पत्र हाच पहिला वैध प्रस्ताव धरला, तर विलंब साडेएकवीस महिने आणि व्याज सुमारे १५ लाख ७७ हजार. फरक ४ लाख ४० हजारांचा. शिवाय मानीव ताबा मान्य केल्यास मधल्या सहा महिन्यांचा देखभाल खर्च व होल्डिंग शुल्क मिळून दरमहा १० हजार ५०० प्रमाणे ६३ हजार रुपये त्याने द्यावे लागले असते. म्हणजे एका पत्राला उत्तर न देण्याची किंमत ५ लाख ३ हजार रुपये. आणि फिट-आउटच्या कागदात ‘विलंबाबाबत मागणी नाही’ असे वाक्य असेल, तर विकासक उरलेले ११ लाख ३७ हजारही नाकारू पाहील.

होल्डिंग शुल्काविषयी एक गोष्ट येथेच सांगावी. दिल्लीतील एका मोठ्या प्रकल्पाच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये असा विचार मांडला की, विकासकास सदनिकेची पूर्ण किंमत मिळाली असेल, तर ती आणखी काही काळ सांभाळल्याने त्याचे देखभालीपलीकडे काही नुकसान होत नाही. म्हणून देखभाल खर्च रास्त, वेगळे होल्डिंग शुल्क मात्र देय नाही. आपल्या हिशेबात ७५० चौरस फुटांचे १० रुपये दराने होणारे महिन्याचे ७ हजार ५०० रुपये या वर्गात मोडतात.

पत्र आल्यावर काय पाहावे

ताब्याचा प्रस्ताव वैध आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून ओळखता येते. पहिली, भोगवटा प्रमाणपत्र पत्राच्या आधीच्या तारखेचे असावे आणि त्याची प्रत सोबत असावी. ‘अर्ज केला आहे’, ‘वास्तुविशारदाचा दाखला मिळाला आहे’ ही उत्तरे पुरेशी नाहीत. प्रमाणपत्र अंशतः असेल तर ते शब्दशः वाचावे. ‘अ विंग, तळमजला ते बारावा मजला’ असे त्यात असेल आणि आपली सदनिका चौदाव्या मजल्यावर असेल, तर आपल्यासाठी ते प्रमाणपत्र अद्याप आलेलेच नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून विकासकाने कोणती कागदपत्रे ठेवली आहेत, ते पाहावे, आणि शंका असल्यास महानगरपालिकेच्या बांधकाम विभागात खातरजमा करावी.

दुसरी गोष्ट, सदनिका खरोखर राहण्याजोगी असावी. उद्वाहन चालते काय, पाणी येते काय, वीजजोड कायमचा आहे की बांधकामासाठीचा तात्पुरता, हे स्वतः जाऊन पाहावे. तिसरी गोष्ट, प्रस्तावासोबत करारनाम्यात नसलेली वाढीव मागणी किंवा हक्क सोडून देण्याची अट जोडलेली नसावी. पैसे भरल्याशिवाय वा हक्कसोड लिहून दिल्याशिवाय किल्ली नाही, अशी अट असेल, तर तो प्रस्ताव निखळ राहत नाही.

यांपैकी काही उणे असेल, तर गप्प बसू नये. दूरध्वनीवर बोलून विषय संपवू नये. नोंदणीकृत टपालाने व ईमेलने चार ओळींचे उत्तर पाठवावे. त्याचा मजकूर साधारण असा असावा:

‘आपले दि. १ एप्रिल २०२४ चे पत्र मिळाले. त्यात आमच्या सदनिकेच्या भोगवटा प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. प्रमाणपत्राअभावी आपण देऊ केलेला ताबा आम्हांस मान्य नाही, व मानीव ताबा, देखभाल खर्च किंवा अन्य शुल्क याबाबतचा आपला दावाही मान्य नाही. प्रमाणपत्राची प्रत पाठविल्यावर आम्ही विनाविलंब प्रत्यक्ष ताबा घेण्यास तयार आहोत. विलंबाच्या व्याजाचा आमचा हक्क राखून ठेवला आहे.’

यातील शेवटून दुसरे वाक्य विसरू नये. आपण ताबा टाळत नसून तो घेण्यास उत्सुक आहोत, हे त्यातून नोंदले जाते. पुढे वाद झाला तर हेच वाक्य उपयोगी पडते.

ताबा घेताना लेखणी सावध ठेवावी

प्रमाणपत्र आले, घर तयार झाले आणि किल्ल्या घेण्याचा दिवस उजाडला, तरी ताबा पावतीचा छापील नमुना वाचल्यावाचून सही करू नये. ‘कोणतीही तक्रार नाही, कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे वाक्य त्यात असेल तर ते खोडावे, किंवा सहीच्या वर ‘विलंबाचे व्याज व दोषदुरुस्ती यांचे हक्क राखून’ असे स्वहस्ते लिहावे. विकासक हट्ट धरीत असेल, तर सही करून त्याच दिवशी आक्षेपाचे पत्र पाठवावे. ताबा आणि खरेदीखत मिळविण्यासाठी खरेदीदाराने विलंबाच्या भरपाईवर पाणी सोडावे, अशी अपेक्षा करणे अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बंगळुरू येथील एका प्रकल्पाच्या प्रकरणात सांगितले आहे. हक्क वाचतो हे खरे, पण न्यायालयाची पायरी चढून वाचविण्यापेक्षा कागदावर एका ओळीने वाचविलेला बरा.

त्याच दिवशी भिंतींना आलेली ओल, सरकणाऱ्या फरशा, न बसणाऱ्या खिडक्या यांची यादी तारखेसह द्यावी. बांधकामातील व कारागिरीतील दोष ताब्यापासून ५ वर्षांत दाखवून दिल्यास विकासकाने ते ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचे आहेत. म्हणून ताब्याची खरी तारीख कोणती, हे येथेही महत्त्वाचे ठरते. ती मानीव ताब्यामुळे सहा महिने आधी सरकली, तर दोषदुरुस्तीची मुदतही सहा महिने आधी संपल्याचे सांगितले जाईल.

दुसरी बाजूही तितकीच खरी

आतापर्यंतचे विवेचन विकासकाच्या घाईविरुद्ध होते. खरेदीदाराच्या दिरंगाईलाही कायदा क्षमा करीत नाही, आणि आपल्या घरांमध्ये ती एका विशिष्ट कारणाने होते. समजा, भोगवटा प्रमाणपत्र ५ जुलैला मिळाले आणि आठवड्याभरात ताब्याचे निर्दोष पत्र आले. घरात विचार निघतो की, आता चातुर्मास बसतो आहे, गृहप्रवेश कार्तिकी पौर्णिमेनंतरच करू, ताबाही तेव्हाच घेऊ. भावना योग्य आहे, पण कायद्याचे दोन महिने ५ सप्टेंबरला संपतात. त्यानंतर देखभाल खर्चाचे देयक आले, तर ते रास्त ठरते, आणि कार्तिकापर्यंतचे विलंबाचे व्याज मागता येत नाही, कारण तो विलंब विकासकाचा राहिलेला नसतो. करारनाम्यातील मानीव ताब्याच्या कलमाला खरे बळ मिळते ते अशाच वेळी.

यावर उपाय सोपा आहे. ताबा घेणे आणि राहावयास जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घरातील एका कर्त्या व्यक्तीने मुदतीत जाऊन पाहणी करावी, किल्ल्या घ्याव्यात, हक्क राखून पावतीवर सही करावी आणि आपले कुलूप लावून परत यावे. सदनिका दोघांच्या नावे असेल, तर जे जाऊ शकत नाहीत त्यांचे अधिकारपत्र सोबत न्यावे. कलश, पूजन आणि गृहप्रवेश मुहूर्तावर यथासांग करावेत. कायद्याला किल्लीची तारीख हवी असते, गृहप्रवेशाची नव्हे.

उदाहरणातल्या व्यापाऱ्याने काय केले, असे समजावे? त्याने एप्रिलच्या पत्राला वरीलप्रमाणे उत्तर दिले, सुतारास थांबविले आणि भाड्याच्या घराचा करार सहा महिन्यांनी वाढविला. ऑक्टोबरचे पत्र प्रमाणपत्राच्या प्रतीसह आले, तेव्हा प्रत महारेराच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहिली आणि आपला मजला त्यात असल्याची खात्री केली. मग प्रमाणपत्राच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत, म्हणजे १० डिसेंबरपूर्वी, त्याने किल्ल्या घेतल्या. पावतीवर हक्क राखल्याची ओळ लिहिली. साडेएकवीस महिन्यांच्या व्याजाची मागणी त्याने नंतर महारेराकडे केली, आणि तिच्यासोबत जोडण्यास त्याच्याकडे पाच कागद होते: करारनामा, एप्रिलचे पत्र, त्याचे उत्तर, भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबा पावती. सराफाच्या काट्यावर जसे वजन बोलते, तसे अशा प्रकरणात या पाच कागदांवरील तारखा बोलतात. त्या एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवाव्यात, आणि रक्कम मोठी असल्याने मागणी करण्यापूर्वी ती फाइल या विषयातील वकिलास एकदा दाखवावी.